सावली, ओल आणि मिरी

गोव्याच्या सांगे तालुक्यात, नेत्रावळीच्या अभयारण्याला लागून काही जुनी कुळागरं आहेत. कुळागर म्हणजे मसाल्याची बाग, पण सरळ ओळींची नाही. वर नारळ आणि पोफळी, पोफळीवर चढलेला मिरवेल, त्याखाली जायफळ आणि दालचिनी, अगदी खाली हळद, आलं, अननस. डोंगरातून आलेलं पाणी पाटांनी सगळीकडे फिरवलेलं. ही दाट सावली आणि ओल हेच कुळागराचं भांडवल. तिथे राहायला जाणाऱ्याने एवढं मनाशी धरावं की ज्या ओलीवर मिरी वाढते, त्याच ओलीवर डास आणि जळवाही वाढतात.

मी फेब्रुवारीत गेलो, कारण तेव्हा मिरीची तोडणी चालू असते. सकाळी बागेत फिरताना गडी बांबूच्या शिडीवरून प्रत्येक घोस निरखत होता. घोसातले एक-दोन दाणे नारिंगी झाले की तो तोडायचा. त्याआधी तोडला तर दाणा पोकळ राहतो, सगळा पिकू दिला तर पाखरं खातात आणि दाणे गळतात. तोडलेले दाणे कुणी मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवतात, मग उन्हात घालतात. हिरवी साल काळी पडते ती कापलेलं सफरचंद तपकिरी होतं त्याच कारणाने. गरम पाण्याने ती क्रिया लवकर आणि सारखी होते. दहा किलो हिरव्या मिरीची वाळून साधारण सव्वातीन किलो उरते. ती नीट वाळली की नाही हे दाताखाली कळतं: दाणा कडक तुटला पाहिजे, दबता कामा नये. दबणाऱ्या मिरीला डब्यात बुरशी येते.

दुपारी स्वयंपाकघरात खतखतं होतं. तूरडाळ, कंद, शेंगा, खोबऱ्याचं वाटण, आमसूल, गूळ, आणि शेवटी तिरफळं. बागमालकीण वहिनींनी तिरफळं फोडून आतल्या काळ्या बिया टाकून दिल्या, कारण त्या कडू आणि कचकचीत. टरफलं कोमट पाण्यात भिजवून जराशी ठेचली आणि पाण्यासकट डाळीत घातली. त्यांचा वास लिंबाच्या सालीसारखा आणि जिभेला किंचित झिणझिण्या आणणारा. मिक्सरमध्ये मात्र वाटायची नाहीत, कडवटपणा सगळ्या भांड्यात उतरतो.

आता सोयींचं. माझी खोली कौलारू होती, वीज संध्याकाळी दोनदा गेली, टॉवेल दोन दिवसांत वाळला नाही आणि रात्री दिव्याभोवती पाखरं जमत होती. मच्छरदाणी होती म्हणून झोप लागली. खोली ठरवताना तीन गोष्टी विचाराव्यात: मच्छरदाणी आहे का, खिडक्यांना जाळी आहे का, बाथरूम खोलीला लागून आहे की अंगणात. यजमानांनी सरळ उत्तरं दिली तर त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. 'किडे अजिबात नाहीत' असं कुणी सांगितलं तर मला शंका येते, कारण जायफळाच्या फुलांचं परागीभवन बारीक किडेच करतात. ते नसतील तर जायफळही नसेल.

पावसाळ्यात जंगलात फिरलात तर जळवा लागणारच. त्या दुखवत नाहीत, फक्त रक्त बराच वेळ वाहतं, कारण त्यांच्या लाळेमुळे ते गोठत नाही. जळू ओढून काढू नये, नखाने तिच्या तोंडाची पकड बाजूला सरकवावी. उन्हाळ्यात जळवा नसतात, पण गोचीड असते, आणि तिच्याकडे मी जास्त गांभीर्याने पाहतो. १९५७ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा सापडलेला माकडताप गोचिडींमधून पसरतो आणि पुढे गोव्याच्या सत्तरीत आणि आपल्या दोडामार्गातही त्याचे रुग्ण आढळले. त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. म्हणून रानात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यांत खोचावी, पाचोळ्यात बसू नये, मेलेलं माकड दिसलं तर लांब राहून वनखात्याला कळवावं. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि अंग तपासावं, विशेषतः गुडघ्यामागे आणि काखेत. पिल्लू गोचीड टाचणीच्या टोकाएवढी असते. चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, रॉकेल वगैरे लावू नये. नंतरच्या दहा-बारा दिवसांत एकाएकी ताप आणि जोराचं डोकं दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना 'मी जंगलात गेलो होतो' हे आधी सांगावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींनी अंगणातली मिरी चटईसकट उचलली. दव पडण्याआधी ती घरात न्यावी लागते, नाहीतर दिवसभराचं ऊन वाया जातं. मी दुसरं टोक धरलं.