टांगलेल्या साखळीचे मोकळे टोक

छताच्या हुकाला बारीक कड्यांची एक मीटर लांबीची साखळी टांगली आणि हलका झोका दिला, तर एक पूर्ण झोका किती वेळात होईल? तितक्याच लांबीच्या दोरीला गोळा बांधून केलेल्या लंबकाला जवळजवळ दोन सेकंद लागतात, हे शाळेत शिकवलेले असते. साखळीचे उत्तर मात्र तेवढे सोपे नाही, कारण तिचे वजन एका जागी नसून पूर्ण लांबीवर पसरलेले आहे. डॅनिएल बर्नुली याने हा प्रश्न सोडवला आणि त्याचे काम १७३८ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने छापले. उत्तरात जी अनंत श्रेढी आली तिला आज बेसेलचे नाव आहे, आणि बेसेलचा जन्म १७८४चा! गणितातली बारशी बहुधा अशीच उशिरा होतात.

अडचण साखळीच्या ताणात आहे. हुकापाशी संपूर्ण साखळीचे वजन पेलावे लागते, मध्यावर निम्म्याचे आणि अगदी खालच्या टोकाला कशाचेच नाही. मोकळ्या टोकापासून वर मोजलेली उंची x मानली, तर ताण x च्या प्रमाणात वाढतो. त्या उंचीवरची कडी बाजूला जास्तीत जास्त किती सरकते ते u मानू. न्यूटनचा नियम लावला की लहान झोक्यांसाठी हे अवकल समीकरण मिळते:

x u″ + u′ + λu = 0

यातला λ झोक्यांच्या वेगावर अवलंबून आहे. ω ही झोक्याची कोनीय वारंवारता आणि g हे गुरुत्वत्वरण असेल, तर λ = ω²/g. आपल्याला शोधायचा आहे तो हाच λ.

आता u″ च्या आधी बसलेल्या x कडे बघा. x शून्य झाला की समीकरणातले सर्वांत वरच्या दर्जाचे पदच नाहीसे होते. u″ एकटे ठेवण्यासाठी x ने भागावे, तर बाकीचे सहगुणक टोकापाशी अनंताकडे धावतात. अशा जागेला विशेष बिंदू, सिंग्युलर पॉइंट, म्हणतात. तो इथे आकाशातून पडलेला नाही. टोकाला ताण शून्य आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अशा बिंदूपाशी a₀ + a₁x + a₂x² + … ही साधी घातश्रेढी पुरेल याची खात्री नसते. उत्तर √x सारखे वागत असेल, तर x च्या पूर्णांक घातांकांतून ते कधीच घडणार नाही. म्हणून श्रेढीच्या आधी एक अज्ञात घात ठेवायचा, xʳ, आणि r किती हे समीकरणालाच ठरवू द्यायचे.

साखळीच्या समीकरणात u = xʳ(a₀ + a₁x + a₂x² + …) घालून पाहू. सर्वांत लहान घाताचे पद xʳ⁻¹ चे येते. u″ कडून r(r−1)a₀ आणि u′ कडून ra₀ मिळते. दोन्हींची बेरीज r²a₀. हे शून्य व्हायला हवे आणि a₀ शून्य नाही, म्हणून

r² = 0

हेच घातांकाचे समीकरण, इंडिशियल इक्वेशन. त्यात λ कुठेच नाही. श्रेढीची सुरुवात कशी व्हावी हे फक्त टोकाजवळची परिस्थिती ठरवते. समीकरण जरासे बदलून 2x u″ + u′ + λu = 0 केले असते, तर 2r² − r = 0 मिळून r च्या किमती 0 आणि ½ आल्या असत्या, आणि √x ने सुरू होणारे उत्तर आपोआप समोर आले असते.

साखळीकडे परतू. पुढच्या प्रत्येक घाताचे पद शून्य केले की (n+r)²aₙ = −λaₙ₋₁ असा संबंध मिळतो. r = 0 घेतल्यावर प्रत्येक सहगुणक आधीच्यावरून निघतो: −λ ने गुणा, n² ने भागा. a₀ = 1 धरल्यास

u = 1 − λx + λ²x²/4 − λ³x³/36 + λ⁴x⁴/576 − …

भाजक इतक्या झपाट्याने वाढतात की x कितीही मोठा असला तरी श्रेढी अभिसारी राहते.

हुकापाशी, म्हणजे x = L ला, साखळी हलत नाही, तेव्हा तिथे u शून्य. λL ला s म्हटले, तर 1 − s + s²/4 − s³/36 + … = 0 हे सोडवायचे. s = 1.4458 घेऊन पहिली सात पदे मिळवली, तर बेरीज एक लाखांशाच्याही आत शून्याला टेकते. एक मीटरच्या साखळीसाठी त्यावरून झोक्याचा काळ सुमारे १.६७ सेकंद निघतो. लंबकाचा काळ २.०१ सेकंद. साखळी लंबकापेक्षा चपळ असते ती अशी.

पण दुसऱ्या दर्जाच्या समीकरणाला दोन स्वतंत्र उत्तरे हवीत आणि आपल्याला r ची एकच किंमत मिळाली, तीही दुहेरी. इथे बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गमध्ये जन्मलेल्या गेओर्ग फ्रोबेनियस याची युक्ती कामी येते. लाझारुस फुक्स याने १८६६ मध्ये अशा बिंदूंचा सिद्धांत मांडला होता. १८७३ मध्ये फ्रोबेनियसने त्याची सोपी वाट दाखवली. त्याने r ला लगेच किंमत दिलीच नाही. r तसाच ठेवून सहगुणक काढले, की समीकरणाची डावी बाजू पूर्ण शून्य होत नाही; a₀ = 1 धरल्यास r²xʳ⁻¹ एवढी शिल्लक राहते. r² चे r च्या संदर्भात अवकलन केल्यावरही r = 0 ला शून्यच येते. म्हणून श्रेढीचेच r च्या संदर्भात अवकलन करा, मग r = 0 ठेवा: दुसरे उत्तर तयार! xʳ चे असे अवकलन xʳ log x होते, त्यामुळे या उत्तरात लॉगॅरिदम येतो. वर्गात हा लॉगॅरिदम पाठ करायला लावतात, तो कुठून आला हे सांगण्याआधीच उदाहरणे सुरू होतात. माझ्या मते सगळी गंमत त्या शिलकीत आहे. साखळीला मात्र हे उत्तर चालत नाही, कारण त्यात मोकळे टोक अनंत अंतरावर फेकले जाते. ते आपण टाकून देतो.

r च्या दोन किमतींत पूर्णांकाचा फरक असला, तरी गडबड होऊ शकते. लहान किमतीपासून सुरू केलेल्या श्रेढीत कुठेतरी शून्याने भागायची वेळ येते. तिथे वरची संख्याही शून्य असेल तर सुटका होते, नाहीतर पुन्हा लॉगॅरिदम येतो.

खरा धोका वेगळा आहे. ही रीत फक्त सौम्य, म्हणजे रेग्युलर, विशेष बिंदूंपाशी चालते. u″ चा सहगुणक 1 केल्यावर u′ च्या सहगुणकाला x ने आणि u च्या सहगुणकाला x² ने गुणून दोन्ही आवाक्यात आले, तर बिंदू सौम्य. साखळीत ते 1 आणि λx होतात, म्हणून काम झाले. आता x²u″ + (3x−1)u′ + u = 0 घ्या. इथे पहिला गुणाकार 3 − 1/x होतो आणि शून्यापाशी फुटतो. तरीही रीत लावली तर ती तक्रार करत नाही. r = 0 मिळतो, सहगुणकही सुरळीत येतात: 1, 1, 2, 6, 24, 120… पण ही 1 + x + 2x² + 6x³ + … श्रेढी x = 0 सोडून कुठेही अभिसारी नाही, x कितीही लहान घ्या. इशारा घातांकाच्या समीकरणातच होता: ते वर्गसमीकरण न राहता r ची एकच साधी किंमत देऊन थांबले. म्हणून सहगुणक काढायला बसण्याआधी ते दोन गुणाकार तपासावेत. दोन ओळींचे काम आहे.