गोळी आजची, उतार महिन्याने

नैराश्यावर सर्रास दिली जाणारी एस्सिटॅलोप्रॅमची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेतली, तर साधारण पाच तासांत रक्तातलं तिचं प्रमाण सर्वाधिक होतं. मेंदूतलं कामही तेव्हापासूनच सुरू झालेलं असतं. दोन चेतापेशींच्या मधल्या फटीत सेरोटोनिन हे रसायन निरोप पोचवतं आणि निरोप पोचला की पाठवणारी पेशी ते पुन्हा आत ओढून घेते. गोळी ही परतीची वाट अडवते, त्यामुळे सेरोटोनिन फटीत जास्त वेळ रेंगाळतं. थोडक्यात, दुपारपर्यंत औषध कामाला लागलेलं असतं.

रुग्णाला मात्र त्याचा पत्ता नसतो. पहिल्या आठवड्यात जाणवते ती मळमळ, कारण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत असतं. काहींची झोप बिघडते, काहींना उगाच अस्वस्थ वाटतं. मन होतं तिथेच असतं. आठव्या दिवशी ‘फरक तर नाहीच, वर त्रास’ असं म्हणून गोळ्यांचं पाकीट कपाटात जातं. डॉक्टरांनी चार ते सहा आठवडे थांबायला सांगितलेलं असतं, पण इतकं का थांबायचं, हे बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

हा उशीर संशोधकांनाही दीर्घकाळ छळत आला आहे. 1952च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवं औषध दिलं, तेव्हा खंगलेले रुग्ण उत्साही दिसू लागले. मेंदूत सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणाऱ्या विकराला हे औषध रोखतं, असं त्याच काळात आढळलं आणि पुढे ‘नैराश्य म्हणजे या रसायनांचा तुटवडा’ ही कल्पना रुजली. ती सुटसुटीत आहे, पण नुसता तुटवडाच असता, तर गोळी घेतल्याच्या दुपारीच रुग्णाला बरं वाटायला हवं होतं. तसं होत नाही, म्हणून शोध पुढे सरकला आणि ताणाच्या संप्रेरकांपाशी पोचला.

ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींना जागं करते आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. साखर रक्तात येते, शरीर सावध होतं. कॉर्टिसॉल पुरेसं झालं, की तेच मेंदूत जाऊन आपली निर्मिती थांबवतं. टाकी भरली की फ्लोट वर येऊन नळ बंद होतो, तसाच हा प्रकार. नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांत, विशेषतः तीव्र आजारात, हा नळ नीट बंद होत नाही. रात्री 11 वाजता डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्याच औषधाचा 1 मिलिग्रॅम डोस दिला, तर निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल दुसऱ्या दिवशी दबलेलं राहतं. तीव्र नैराश्य असलेल्या अनेकांत ते दबत नाही. 1981 मध्ये बर्नार्ड कॅरोल यांनी ही चाचणी निदानासाठी मांडली. पण इतर आजारांतही असाच निकाल येतो आणि नैराश्याच्या कित्येक रुग्णांत तो येतच नाही. त्यामुळे नैराश्याचं निदान आजही रक्त तपासून नव्हे, तर बोलून, ऐकूनच करावं लागतं.

नळ बंद करायला मदत करणारा मेंदूचा एक भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. कानांच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक असतो. नव्या आठवणी साठवण्यात त्याचा मोठा वाटा असतो आणि कॉर्टिसॉल ओळखणारे ग्राहक तिथे दाटीने असतात. नेमकी हीच दाटी नडते. ब्रूस मॅकइवेन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना रोज सहा तास असं 21 दिवस जखडून ठेवलं, तेव्हा हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड झाल्या. पेशी मेल्या नव्हत्या, त्यांनी पसारा आवरला होता. ताण थांबल्यावर फांद्या पुन्हा वाढल्या.

माणसातही याच्या खुणा दिसतात. कुशिंग्ज आजारात शरीर प्रमाणाबाहेर कॉर्टिसॉल बनवतं. या रुग्णांत नैराश्य वारंवार आढळतं, आणि उपचारांनी कॉर्टिसॉल उतरल्यावर हिप्पोकॅम्पसचं आकारमान काही प्रमाणात भरून येतं. 1996 मध्ये यव्हेट शेलाइन यांनी वारंवार नैराश्य येणाऱ्या स्त्रियांचे एमआरआय तपासले. त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, आणि आजाराचे दिवस जितके जास्त, तितकी घट जास्त होती. पुढे हजारो लोकांचे स्कॅन एकत्र तपासल्यावरही फरक आढळला, मात्र तो सरासरीत दिसणारा आणि छोटा होता. एकट्या माणसाचा स्कॅन पाहून त्याला नैराश्य आहे की नाही, हे सांगता येत नाही. लहान हिप्पोकॅम्पस हा आजाराचा परिणाम की आधीपासूनची कमजोरी, हा वादही मिटलेला नाही.

या चित्रात गोळीचा उशीर उलगडू लागतो. पहिली अडचण सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींतच असते. त्यांच्या अंगावर स्वतःचंच सेरोटोनिन मोजणारे ग्राहक असतात. गोळीमुळे सेरोटोनिन वाढलं, की हे ग्राहक पेशीला आवरायला लावतात आणि ती कमी संदेश सोडू लागते. म्हणजे औषधाचा पहिला परिणाम काहीसा उलटाच! दोन-तीन आठवडे सेरोटोनिन वाढलेलं राहिल्यावर हे ग्राहक बोथट होतात आणि पेशी पुन्हा पूर्ववत संदेश सोडू लागते.

दुसरं काम आणखी सावकाश चालतं. बीडीएनएफ नावाचं प्रथिन चेतापेशींना तगवतं, फांद्या आणि जोडण्या वाढवायला मदत करतं. ताणात ते घटतं, औषध घेत राहिल्यावर वाढतं. हिप्पोकॅम्पसच्या एका पट्ट्यात उंदरांना आयुष्यभर नव्या चेतापेशी जन्मतात. रेने हेन यांच्या गटाने 2003 मध्ये क्ष-किरणांनी हा जन्मच थांबवला, तेव्हा नैराश्यविरोधी औषधांचा उंदरांच्या वागण्यावरचा परिणामही थांबला. नवी पेशी जन्मून, वाढून, जाळ्यात सामील व्हायला काही आठवडे लागतात. हिशेब जुळतो खरा, पण प्रौढ माणसात अशा किती पेशी जन्मतात, यावर 2018 मध्ये दोन नामांकित गटांनी परस्परविरोधी निष्कर्ष छापले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटाने या उशिरालाच हात घातला. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना इमिप्रॅमिनबरोबर नॉरअॅड्रिनॅलिनचे ठरावीक ग्राहक अडवणारं योहिम्बीन दिलं. नव्या पेशी आणि वागण्यातला बदल, दोन्ही एरवीपेक्षा लवकर दिसले. केटामाइन तर माणसातही काही तासांत परिणाम दाखवतं. पण तो पुष्कळदा काही दिवसच टिकतो आणि औषध देखरेखीखालीच द्यावं लागतं.

दवाखान्यात या सगळ्याचा अर्थ काय? पहिल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, चिडचिड यांत थोडा तरी फरक पडला, तर ती चांगली खूण असते. अनेकदा तो घरच्यांना आधी दिसतो. योग्य डोस चार ते सहा आठवडे घेऊनही काहीच हललं नाही, तर डॉक्टर डोस वाढवतात किंवा औषध बदलतात. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने सुमारे एक तृतीयांश रुग्णच पूर्ण बरे झाले होते, त्यामुळे बदल करावा लागणं नवलाचं नाही. सुरुवातीचे आठवडे जपण्याचेही असतात. विशेषतः पंचविशीच्या आतल्या रुग्णांत बेचैनी किंवा आत्महत्येचे विचार वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं. सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास चालते. बरं वाटू लागल्यावरही गोळी साधारण सहा महिने चालू ठेवतात आणि मग डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. एकदम थांबवली, तर चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या असा त्रास काही दिवसांतच सुरू होऊ शकतो.