स्टॉल कुठे आणि किती वाजेपर्यंत?

बचत गटाने प्रदर्शनात स्टॉल लावला की त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरू लागतो. टेबलावर पापड, कुरडया, लोणच्याच्या बरण्या आणि मागे बॅनर धरून उभ्या पाच-सहा जणी. त्याखालचा मजकूर मात्र बहुतेक वेळा असा असतो: ‘कळविण्यास आनंद होतो की आमच्या महिला बचत गटातर्फे विविध दर्जेदार घरगुती उत्पादनांचा भव्य स्टॉल लावण्यात आलेला आहे. तरी सर्वांनी अवश्य भेट द्यावी. स्थळ: सटाणा. वेळ: सकाळपासून.’

यात आमंत्रण आहे, पण पोहोचण्याची सोय नाही. लग्नपत्रिकेची भाषा उचलली की असं होतं. पत्रिका ज्याच्या हातात पडते त्याला घर ठाऊक असतं. फोटोखालची ओळ मात्र चार गटांतून फिरून अनोळखी माणसापर्यंत जाते, आणि तिच्यासोबत सांगणारं कुणी नसतं.

सटाण्याचंच उदाहरण घेऊ. इथली मोठी गर्दी म्हणजे देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा. दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटून देणारा हा बागलाणचा मामलेदार १८८७ मध्ये गेला. आरम नदीकाठच्या त्याच्या मंदिरापाशी मार्गशीर्ष वद्य एकादशीपासून यात्रा भरते. या गर्दीत एखाद्या गटाने स्टॉल लावला, तर ‘स्थळ: सटाणा’ एवढ्याने काहीच कळत नाही. पाळणे, भांड्यांची दुकानं, शेव-रेवडीचे ढीग यांतून वाट काढणाऱ्या बाईला हवी असते एक खूण: मंदिराकडून नदीकडे उतरताना कोणत्या हाताला, कशाच्या शेजारी. स्टॉलचा नंबर द्यावाच, पण एकटा नंबर पुरत नाही. पाटीवरचा आकडा दहा पावलांवरून दिसत नाही, आणि आयत्या वेळी जागाही बदलतात. म्हणून खूण आधी लिहावी, नंबर मागून. आणि मजकूर पाठवायचा तो जागा ताब्यात आल्यावर, तिथे उभं राहून.

तारखेची गोष्ट याहून फसवी. ‘एकादशीपासून’ म्हटलं की सटाण्याच्या माणसाला कळतं, पण नाशिकहून नव्वदेक किलोमीटर येणाऱ्याला कॅलेंडर काढावं लागतं. तिथी दर वर्षी सरकते. ही एकादशी २०२४ मध्ये २६ डिसेंबरला, गुरुवारी होती. २०२५ मध्ये ती १५ डिसेंबरला, सोमवारी आली. गेल्या वर्षीचा फोटो कुणीतरी पुन्हा पुढे ढकलला आणि त्यावर साल नसलं, तर माणूस अकरा दिवस उशिरा पोहोचतो आणि स्टॉलच्या जागी उखडलेल्या खुंट्या बघून परततो. म्हणून वार, तारीख आणि साल ही तिन्ही हवीत. वार आणि तारीख जुळत नसतील तर वाचणाऱ्याला चूक लगेच दिसते, हा वार लिहिण्याचा दुसरा फायदा.

आता वेळ. प्रदर्शनाची वेळ आणि स्टॉलची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गल्लत नेमकी इथेच होते. मैदान रात्री दहापर्यंत उजळलेलं असतं, पण गटातल्या बायकांना गावाकडची शेवटची एसटी गाठायची असते. आयोजकांच्या पत्रकावरची वेळ जशीच्या तशी उतरवली, तर जेवण उरकून नऊ वाजता आलेल्या गिऱ्हाईकाला झाकलेलं टेबल दिसतं. कुणाची पाळी केव्हा आणि शेवटच्या पाळीतल्या बाईची बस किती वाजता, हे आधी ठरवावं. त्यातून निघेल तीच स्टॉलची खरी वेळ. ‘१२ ते ८’ असं मोघम लिहू नये, ‘दुपारी १२ ते रात्री ८’ असं लिहावं. शेवटच्या दिवशी माल आवरून टेम्पो भरायचा असतो, तेव्हा त्या दिवसाची वेळ वेगळी द्यावी. स्टॉलवर गरम मांडे भाजून देणार असाल तर मांड्यांची वेळही वेगळी. खापर तापायला आणि पुरण शिजायला वेळ लागतो, आणि मांड्यासाठी आलेला माणूस पापड घेऊन समाधानी होत नाही.

मालाबद्दल किती लिहावं? माझ्या मते एकाच वस्तूबद्दल, पण नीट. ‘शुद्ध, चविष्ट, घरगुती’ हे शब्द शेजारच्या दहा स्टॉलवरही असतात. त्यापेक्षा ज्वारीचे बिबडे कसे केले ते सांगा. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवून आंबवायची, भरडायची, तीळ-जिरं-लसूण घालून शिजवायची आणि ओल्या कापडावर थापून उन्हात वाळवायची. हे काम उन्हाळ्यातलं आणि यात्रा भर थंडीतली. तेव्हा बिबड्यांना ‘ताजे’ म्हणू नये. ‘उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेले’ म्हणावं. ते खरंही आहे आणि जास्त विकलं जाईल असंही आहे. एक काळजी मात्र घ्यावी. ‘साखरेच्या आजारावर गुणकारी’ असलं काही नाचणीच्या पापडाखाली लिहू नये. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असा दावा जाहिरातीत करायला कायद्याने मनाई आहे, आणि फोटोखालची ओळ ही जाहिरातच असते. घटक, वजन, पॅकिंगची तारीख आणि अन्न नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर हवेत. ते फोटोखाली उतरवायची गरज नाही.

हे सगळं धरून तो मजकूर पुन्हा लिहू. तारीख २०२५च्या यात्रेची आहे. हात, नंबर, वेळा आणि भाव नमुन्यादाखल:

‘सटाणा, देवमामलेदार यात्रा. सोमवार १५ ते रविवार २१ डिसेंबर २०२५, रोज सकाळी ११ ते संध्याकाळी ७. रविवारी दुपारी ४ पर्यंतच.
मंदिराकडून नदीकडे उतरताना डाव्या हाताला, रसाच्या गाडीशेजारी, स्टॉल १४, हिरवा बॅनर.
उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेले ज्वारीचे बिबडे, पाव किलो १२० रुपये. कुरडया, नाचणीचे पापड आणि खान्देशी मसालाही आहे. गरम मांडे रविवार सोडून रोज दुपारी ४ ते ६.’

त्याखाली गटाचं नाव आणि गाव. जागा आणि वेळ वर घेतली, कारण मजकूर लांबला की फोनवर पहिल्या काही ओळीच दिसतात आणि पुढचं उघडायचे कष्ट फार थोडे घेतात. हाच मजकूर फोटोवर छापून पाठवण्याची हौस असते, पण व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या फोटोवरची बारीक अक्षरं फुटतात, आणि त्यातली तारीख उचलून दुसऱ्याला सहज पाठवता येत नाही. फोटो वेगळा असावा आणि मजकूर त्याखाली टाइप केलेला.

फोन नंबर द्यायचा तर गटासाठी ठेवलेला द्यावा. एखाद्या ताईचा घरचा नंबर एकदा फिरला की यात्रा संपल्यावरही वर्षभर अवेळी वाजत राहतो. फोटोत दिसणाऱ्या प्रत्येकीला तो पाठवण्याआधी दाखवावा. बचत गटात सही करणारी प्रत्येक बाई आपला चेहरा सगळ्या तालुक्याच्या फोनवर जावा म्हणून तयार असतेच असं नाही, आणि ऐन गर्दीत ती तसं बोलूनही दाखवत नाही.

स्टॉल उठला की त्याच गटांमध्ये आणखी एक ओळ टाकावी: ‘यात्रेतला स्टॉल २१ तारखेला संपला. बिबडे हवे असल्यास याच नंबरवर कळवा.’ उरलेला माल यात बराचसा निघतो, आणि जुना मजकूर फिरत राहिला तरी त्याच्या मागोमाग ही ओळही पोहोचते.