शीघ्र वितरणाच्या ॲपवर माल द्यावा काय? शेंगाचटणीच्या हिशेबावरून एक विचार

शेतमालावर प्रक्रिया करून तो पाकिटबंद विकणाऱ्या बचत गटांपुढे अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांसारख्या ॲपवरून शहरांतील ग्राहकास थोड्याच मिनिटांत माल घरपोच मिळतो. या ॲपवर आपला माल ठेवावा की नाही, असे गटातील भगिनी विचारतात. सोलापूर जिल्ह्यातील शेंगाचटणी करणारा एक गट असाच प्रश्न घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आला होता. एका कंपनीने त्यांच्याकडे शेकडा २८ रुपये कमिशन मागितले होते. "एवढे कमिशन म्हणजे लूटच," असे काहींचे मत होते. "पण पुण्यासारखे गिऱ्हाईक मिळते," असे इतरांचे म्हणणे होते. दोन्ही पक्षांनी केवळ कमिशनाचाच आकडा पाहिला होता. शेतकरी बाजारातून आलेली पट्टी वाचताना केवळ भाव पाहत नाही, तर हमाली, तोलाई व भाडे वजा जाता हाती काय उरते ते पाहतो. येथेही तसेच पाहिले पाहिजे.

दुकानातील विक्रीचा हिशेब

प्रथम आज चालू असलेल्या विक्रीचा हिशेब मांडू. २०० ग्रॅमच्या पाकिटावर छापील किंमत १०५ रुपये आहे. त्यात शेकडा ५ प्रमाणे वस्तू व सेवा कराचे ५ रुपये येतात. म्हणजे करापूर्वीची किंमत १०० रुपये झाली. शेंगदाणे, मिरची, लसूण, मीठ, इंधन व मजुरी यांस ३८ रुपये आणि पिशवी, लेबल व खोका यांस ७ रुपये, असा एकूण उत्पादनखर्च ४५ रुपये येतो.

किराणा दुकानदार १५ रुपये व वितरक ८ रुपये घेतो. वाहतुकीस ४ रुपये व खराबीस २ रुपये धरल्यास गटाच्या हाती ७१ रुपये येतात. त्यातून उत्पादनखर्च वजा जाता पाकिटामागे २६ रुपये उरतात. दुकानदार व वितरक मिळून शेकडा २३ घेतात, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे शेकडा २८ कमिशन तेवढेसे जास्त वाटत नाही. परंतु खरा फरक पुढेच आहे.

ॲपवरील विक्रीचा हिशेब

ॲपवर माल देताना कमिशनाखेरीज इतरही खर्च येतात. या कंपन्यांचा माल प्रथम शहराबाहेरील मुख्य गोदामात जातो व तेथून वस्तीवस्तीतील लहान गोदामांत, ज्यांस डार्क स्टोअर म्हणतात, पाठविला जातो. या साठवणुकीचा व हाताळणीचा आकार निराळा लावतात. शिवाय नवे नाव ग्राहकाच्या पडद्यावर वर दिसावे म्हणून जाहिरातीचा खर्च करावा लागतो. तो केला नाही तर माल यादीत असूनही कोणाच्या दृष्टीस पडत नाही. दर कंपनीगणिक व मालागणिक निरनिराळे असतात. सदर गटास सांगण्यात आलेले दर व आम्ही धरलेले अंदाज पुढीलप्रमाणे होते :

- कमिशन : २८ रुपये
- साठवण व हाताळणी : ५ रुपये
- जाहिरात : १० रुपये
- मुख्य गोदामापर्यंत वाहतूक : ४ रुपये
- परत आलेला व खराब झालेला माल : ५ रुपये

एकूण खर्च ५२ रुपये झाला. हाती ४८ रुपये आले व त्यातून ४५ रुपये उत्पादनखर्च वजा जाता केवळ ३ रुपये उरले.

अडकून राहणारा कर

येथे एक बारीक गोष्ट आहे, जी बहुतेक गटांच्या नजरेतून सुटते. कमिशन, साठवण व जाहिरात या सेवा आहेत व त्यांवर शेकडा १८ दराने वस्तू व सेवा कर लागतो. वरील ४३ रुपयांवर हा कर ७ रुपये ७४ पैसे होतो. गटाने ग्राहकाकडून घेतलेला कर मात्र पाकिटामागे ५ रुपयेच आहे. भरलेल्या करातून ५ रुपये वळते होतात व २ रुपये ७४ पैसे खाती शिल्लक राहतात. विकलेल्या मालावरील कराचा दर कमी व घेतलेल्या वस्तूंवरील दर जास्त असल्यास शासनाकडून परतावा मागता येतो हे खरे. परंतु त्या परताव्याच्या सूत्रात सेवांवर भरलेला कर जमेस धरला जात नाही. गटाची दुकानांतील विक्री मोठी असेल तर ही शिल्लक तेथील करातून हळूहळू वळती होते. तथापि पिशव्या, खोके इत्यादींवर भरलेला करही त्याच करातून वळता व्हावयाचा असतो. म्हणून सावधगिरी बाळगून ही रक्कम खर्चातच धरणे योग्य. असे केल्यास ३ रुपयांतून केवळ २६ पैसे उरतात.

कंपनी कमिशनाने माल न विकता तो स्वतःच खरेदी करीत असेल, तर हिशेब थोडा बदलतो. तेव्हा कंपनी आपला नफा खरेदीच्या भावातच कापून घेते व त्या भागावर सेवाकराचा प्रश्न येत नाही. म्हणून करार वाचताना 'कमिशन' की 'खरेदी' हे प्रथम पाहावे. खरेदी असल्यास न विकलेला माल परत घेण्याची अट आहे काय, हेही विचारावे. ती अट असेल तर खरेदी ही नावापुरतीच असते व जोखीम गटाकडेच राहते.

किंमत वाढवावी की पाकीट मोठे करावे?

गटातील एका भगिनीने सुचविले की, ॲपसाठी छापील किंमत १२५ रुपये करावी. हे करता येत नाही. एकाच प्रकारच्या, एकाच वजनाच्या आवेष्टित मालावर दोन निरनिराळ्या छापील किंमती टाकण्यास वैधमापन नियमांनी मनाई आहे. सर्वत्रच किंमत वाढविली तर दुकानातील चालू विक्री धोक्यात येते.

यावर उपाय पाकिटाच्या आकारात सापडतो. कमिशन किंमतीच्या प्रमाणात वाढते. परंतु हाताळणी व जाहिरात हे खर्च बव्हंशी पाकिटामागे लागतात. ४०० ग्रॅमचे पाकीट करून त्याची करापूर्वीची किंमत १९० रुपये, म्हणजे करासह १९९ रुपये ५० पैसे ठेवली असे समजू. उत्पादनखर्च ७६ व आवेष्टनाचे ९ मिळून ८५ रुपये होतो. कमिशन ५३ रुपये २० पैसे, हाताळणी ६, जाहिरात १०, वाहतूक ७ व खराबी साडेनऊ रुपये, मिळून ८५ रुपये ७० पैसे. उरलेल्या १०४ रुपये ३० पैशांतून उत्पादनखर्च वजा जाता १९ रुपये ३० पैसे राहतात. अडकलेल्या कराचे २ रुपये ९६ पैसे वजा केले तर १६ रुपये ३४ पैसे हाती पडतात. कमिशनाचा दर तोच. तरीही २६ पैशांच्या जागी सोळा रुपये उरले.

ग्राहक नवा की जुनाच?

यानंतर विचारावयाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ॲपवर घेणारा ग्राहक नवा आहे, की पूर्वी दुकानातून घेणाराच आता ॲपकडे वळला आहे? जुन्या ग्राहकाने ४०० ग्रॅमचे एक पाकीट ॲपवरून घेतले, तर दुकानातील २०० ग्रॅमची दोन पाकिटे कमी खपतात व गटाचे ५२ रुपये जातात. १०० मोठ्या पाकिटांवर १,६३४ रुपये मिळतात. त्यांतील ३१ पाकिटे जुन्या ग्राहकांनी घेतली तर १,६१२ रुपये बुडतात व लाभ जवळजवळ संपतो. ३२ घेतली की तोटाच सुरू होतो.

हे ओळखावयाचे कसे? जेथे आपला माल दुकानांत आहे त्या भागातील वितरकाकडून ॲप सुरू होण्यापूर्वीच्या व नंतरच्या आठ आठवड्यांचा खप मागवावा. जेथे ॲपवर आपला माल नाही अशा दुसऱ्या भागातील खपाशी तो ताडून पाहावा. केवळ पहिल्या भागातीलच खप उतरला असेल, तर ग्राहक वळला असे समजावे. सदर गटाचा माल सोलापूर शहरात बहुतेक दुकानांत आहे, पुण्यात मात्र कोठेही नाही. म्हणून त्यांनी पुण्यापुरताच करार करावा असा सल्ला देण्यात आला.

माल किती पाठवावा?

शेवटचा धोका मुदतीचा. लसूण घातलेल्या या चटणीची मुदत गटाने ९० दिवस ठरविली आहे. ग्राहकाच्या हाती माल पडताना मुदतीचा किमान शेकडा ३० भाग किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२४ साली ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले आहे. ४५ दिवसांचा नियम लावून हिशेब केल्यास विक्रीस ४५ दिवस मिळतात. त्यांतील सुमारे १० दिवस बांधणी, वाहतूक व गोदामात माल दाखल करण्याची वेळ मिळण्यात जातात. राहिले ३५ दिवस, म्हणजे पाच आठवडे.

गाडीभाडे वाचावे म्हणून गटाचा विचार एकदम ६०० पाकिटे धाडण्याचा होता. आठवड्यास ६० पाकिटे खपतील असे धरले, तर ती संपण्यास दहा आठवडे लागतील व निम्मा माल परत येईल. परतलेल्या ३०० पाकिटांत उत्पादनखर्चाचेच २५,५०० रुपये गुंततात. म्हणून एका खेपेस ३०० पाकिटांहून जास्त माल पाठवू नये. पहिल्या तीन आठवड्यांचा प्रत्यक्ष खप पाहून, त्याच्या आठवडी सरासरीच्या पाचपटीहून जास्त माल कधीही गोदामात राहू देऊ नये, असा साधा नियम ठेवावा.

निर्णय

सदर गटाने २०० ग्रॅमचे पाकीट ॲपवर देण्याचे नाकारले व ४०० ग्रॅमचे पाकीट केवळ पुण्यात आठ आठवडे देऊन पाहण्याचे ठरविले. या काळात जाहिरातीचा खर्च पाकिटामागे २४ रुपयांवर गेला, तर हाती काही उरत नाही. तेव्हा थांबावयाचे, हेही लिहून ठेवले. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील गटांस करारावर सही करण्यापूर्वी असाच कागद मांडावयास लावावा : पाकिटामागे प्रत्यक्ष काय उरते, त्यातील कर कोठे अडकतो, ग्राहक नवा आहे काय, आणि मुदतीत किती माल खपेल. या चारही प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली की शेकडा २८ कमिशन परवडते की नाही, हे गटास स्वतःच सांगता येईल.