साध्या लॅपटॉपवर मराठी बोलणे उतरवताना

समजा, कोल्हापूरच्या इतिहासाची एक विद्यार्थिनी जुन्या गुऱ्हाळांवर प्रबंध लिहिते आहे. एका वयस्क गुळव्याशी झालेल्या ४२ मिनिटांच्या गप्पा तिने फोनवर रेकॉर्ड केल्या आहेत. काहिलीतला रस कधी उतरवायचा, चुलवणात चिपाडं किती सारायची, हे सगळं त्यात आहे. शिवाय भाऊबंदकीच्या, कर्जाच्याही गोष्टी आहेत, त्यामुळे ही फाइल परक्याच्या सर्व्हरवर चढवायला तिचं मन घेत नाही. तिच्याकडे चार कोअरचा, ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. त्यात ग्राफिक्स कार्ड नाही.

एवढ्या सामग्रीवर काम होतं. ओपनएआयने सप्टेंबर २०२२मध्ये ‘व्हिस्पर’ हे बोलणं उतरवणारं मॉडेल सर्वांसाठी खुलं केलं. ते एकदा उतरवून घेतलं की पुढे इंटरनेटही लागत नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच जॉर्जी गेर्गानोव या प्रोग्रामरने ते सी आणि सी++ या भाषांत नव्याने लिहिलं आणि साध्या प्रोसेसरवर चालण्याजोगं केलं. त्याचं नाव whisper.cpp. विंडोजसाठी त्याची तयार झिप फाइल मिळते, लिनक्सवर किंवा मॅकवर ते पाच-दहा मिनिटांत बांधून होतं. खरा प्रश्न येतो त्यानंतर: मॉडेल कोणत्या आकाराचं घ्यायचं?

व्हिस्परचे आकार टायनी, बेस, स्मॉल, मीडियम आणि लार्ज असे चढत जातात. आकार म्हणजे मॉडेलच्या आत साठवलेल्या आकड्यांची संख्या. टायनीत ३.९ कोटी आकडे आहेत, स्मॉलमध्ये २४.४ कोटी, लार्जमध्ये सुमारे १५५ कोटी. whisper.cpp यातला प्रत्येक आकडा साधारण दोन बाइटमध्ये ठेवतं. म्हणून स्मॉलची फाइल ५०० एमबीच्या आत राहते आणि लार्जची जवळपास तीन जीबी होते. चालताना लार्जला चार जीबीच्या आसपास रॅम लागते. आठ जीबीच्या यंत्रात विंडोज आणि उघडा ब्राउझर मिळून निम्मी जागा आधीच खातात. रॅम संपली की यंत्र डिस्कवर उधारी सुरू करतं आणि मग मिनिटांचं काम तासांवर जातं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी काठोकाठ भरलेली, डिस्क सतत धावणारी आणि प्रोसेसर मात्र निवांत दिसला, तर हेच घडतंय असं समजावं.

यावर तोड म्हणजे आकडे गोळाबेरीज करून ठेवणं. वहीत पैसे सोडून नुसते रुपये लिहावेत तसं. प्रत्येक आकड्याला सोळाऐवजी पाच-साडेपाच बिट दिले की फाइल सुमारे एक तृतीयांशावर येते आणि उतरवण्यात सहसा थोडाच फरक पडतो. फाइलच्या नावात q5_0 असं दिसतं ते याच कारणाने.

व्हिस्पर आवाज ३०-३० सेकंदांच्या खिडक्यांतून ऐकतं. त्याचे दोन भाग आहेत. एक भाग खिडकीतला सगळा आवाज एका दमात ऐकतो. दुसरा ते ऐकून एकेक तुकडा लिहीत जातो. हे तुकडे म्हणजे आपली अक्षरं नव्हेत. इंग्रजीतला नेहमीचा शब्द बहुधा एका तुकड्यात मावतो. देवनागरीतल्या एका शब्दाला मात्र अनेक तुकडे पडतात. त्यामुळे तेवढ्याच वेळाच्या बोलण्यासाठी मराठीत लिहिणाऱ्या भागाला कितीतरी जास्त फेऱ्या माराव्या लागतात. इंग्रजी व्याख्यानावर वेगाची चाचणी घेऊन मराठीचा अंदाज बांधला की तो हमखास चुकतो.

२०२४मध्ये आलेलं ‘लार्ज-व्ही३-टर्बो’ नेमकं इथे उपयोगी पडतं. त्यात ऐकणारा भाग लार्जचाच ठेवला आहे, पण लिहिणाऱ्या भागाचे ३२ थर कापून ४ केले आहेत. एकूण आकडे ८०.९ कोटी, आणि गोळाबेरीज केलेली फाइल साडेपाचशे एमबीच्या आसपास, म्हणजे न आकसलेल्या स्मॉलपेक्षा थोडीच मोठी. पण फाइल लहान म्हणून काम हलकं होत नाही. ऐकणारा भाग अख्खा लार्जचा असल्यामुळे साध्या प्रोसेसरवर टर्बो स्मॉलपेक्षा हळूच चालतं.

मग स्मॉलच का घेऊ नये? इंग्रजी व्याख्यान असतं तर जरूर घ्यावं. स्पष्ट इंग्रजीला पुष्कळदा बेसही पुरतं. मराठीची अडचण वेगळी आहे. व्हिस्परचं पहिलं मॉडेल ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकलं. त्यात मराठी बोलणं आणि तेच मराठीत लिहिलेलं, अशी जोडी असलेला आवाज एक तासही नव्हता. मराठी बोलणं आणि त्याचं इंग्रजी भाषांतर अशा जोडीचे शेकडो तास होते. म्हणजे मॉडेलने मराठी ऐकली बऱ्यापैकी, पण लिहिली जवळपास नाहीच. इतर भाषांमधलं शिक्षण मराठीकडे वळवण्याची ताकद मोठ्या मॉडेलमध्ये असते. लहान मॉडेल इथे कोलमडतं. ते शब्दांचे ध्वनी जोडून अर्थहीन काहीतरी लिहितं, किंवा हिंदीकडे घसरतं.

ही दरी कागदावर न बघता स्वतःच्या आवाजावर बघावी. विद्यार्थिनीने आधी फोनची फाइल व्हिस्परला हव्या त्या रूपात आणायची: एक चॅनल आणि सेकंदाला १६,००० नमुने. मग मधलीच पाच मिनिटं घ्यायची, कारण सुरुवातीला माणूस अवघडून, जपून बोलतो; दहाव्या मिनिटाला त्याची खरी बोली येते.

```
ffmpeg -i gulavya.m4a -ar 16000 -ac 1 -c:a pcm_s16le gulavya.wav
sh ./models/download-ggml-model.sh large-v3-turbo-q5_0
./build/bin/whisper-cli -m models/ggml-large-v3-turbo-q5_0.bin -f gulavya.wav -l mr -t 4 -ot 600000 -d 300000 -otxt
```

यातलं `-l mr` विसरायचं नाही. ते नसेल तर हे सॉफ्टवेअर भाषा इंग्रजी धरून चालतं, आणि गुळव्याच्या तोंडी इंग्रजी वाक्यं घालतं. `-t 4` म्हणजे चार कोअर. टास्क मॅनेजर ‘लॉजिकल प्रोसेसर’ आठ दाखवत असला तरी खरे कोअर चार असतील तर चारच द्यावेत. त्यापुढे वेग फारसा वाढत नाही. `-ot` आणि `-d` म्हणजे कुठून सुरू करायचं आणि किती, हे मिलिसेकंदांत. शेवटचं `-otxt` मजकूर फाइलमध्ये ठेवतं. विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरीच्या जागी चौकोन दिसले तरी फाइल उघडल्यावर मजकूर नीट वाचता येतो. काम संपताना एकूण लागलेला वेळही पडद्यावर येतो. तो टिपून ठेवावा. हीच पाच मिनिटं स्मॉलकडूनही उतरवून घ्यावीत.

आता कानाला हेडफोन लावून दोन्ही मजकुरांतले शंभर-शंभर शब्द तपासायचे. चुकलेले, गाळलेले आणि मनाने घातलेले शब्द मोजायचे. ‘केलं’ आणि ‘केले’, किंवा जोडून-तोडून लिहिलेला एखादा शब्द, याला चूक म्हणू नये. अशा फरकांमुळे मराठीचे छापील चूक-टक्के आहेत त्यापेक्षा वाईट दिसतात. माणसांची आणि गावांची नावं, आकडे आणि ‘नाही’ हा शब्द यांवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं.

समजा मोजणीत स्मॉलच्या शंभर शब्दांत ४५ चुका निघाल्या आणि टर्बोच्या १५. मिनिटाला शंभर शब्द धरले तर ४२ मिनिटांत ४,२०० शब्द होतात. स्मॉलचा मजकूर घेतला तर १,८९० दुरुस्त्या, टर्बोचा घेतला तर ६३०. एका दुरुस्तीला ऐकून, थांबून, टाइप करून दहा सेकंद धरा. स्मॉलच्या मजकुरावर सव्वापाच तास जातात आणि टर्बोच्या मजकुरावर पावणेदोन. यंत्राचं म्हणाल, तर पाच मिनिटांसाठी स्मॉलने दोन मिनिटं घेतली आणि टर्बोने सहा, असं धरलं तरी पूर्ण मुलाखतीला सतरा मिनिटं विरुद्ध पन्नास मिनिटं लागतात. यंत्राची ती तेहेतीस मिनिटं विद्यार्थिनीच्या जेवणात जातात, दुरुस्तीचे साडेतीन तास मात्र तिच्या पाठीतून जातात. म्हणून आकार निवडताना पहिला हिशेब दुरुस्तीचा करावा आणि यंत्राच्या वेगाचा नंतर.

पन्नास मिनिटांचा हा अंदाज थोडा वाढवूनच धरावा. पाच मिनिटांच्या चाचणीत लॅपटॉप थंड असतो. पुढे तो तापतो आणि स्वतःहून वेग उतरवतो. चार्जर लावलेला असावा, लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवावा आणि तो मध्येच झोपी जाणार नाही अशी सेटिंग करावी.

मोठ्या मॉडेलची एक खोड मात्र सांगायलाच हवी, कारण ती पटकन डोळ्यांत येत नाही. गुळवी मध्येच थांबला, चिलीम पेटवली, मागे नुसता पंखा घरघरतो आहे. अशा वेळी व्हिस्पर रिकामी जागा रिकामी ठेवत नाही. कधी तेच वाक्य दहा-बारा वेळा लिहितं, कधी कोणीच न बोललेलं छान, शुद्ध वाक्य घालतं. लहान मॉडेलची चूक वेडीवाकडी असते म्हणून लगेच दिसते. मोठ्याची चूक नीटनेटकी असते. पुनरावृत्ती होत असेल तर आज्ञेत `-mc 0` घालावं, म्हणजे मागचा मजकूर पुढच्या खिडकीत ओढला जात नाही आणि चक्र बहुधा तुटतं. मुलाखतीत लांब शांतता असेल तिथला मजकूर ऐकल्याशिवाय प्रबंधात घेऊ नये.

आकाराबाहेरचाही एक पर्याय आहे. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफोरभारत’ या गटाने भारतीय भाषांसाठी ‘इंडिककन्फॉर्मर’ ही खुली मॉडेलं केली आहेत, त्यांत मराठीचं स्वतंत्र मॉडेल आहे. मराठी आवाजावर पुन्हा शिकवलेली व्हिस्पर स्मॉलही इंटरनेटवर मिळतात, आणि whisper.cppसोबत येणाऱ्या रूपांतराच्या स्क्रिप्टने ती याच सॉफ्टवेअरमध्ये चालवता येतात. मराठीवर नीट शिकलेलं लहान मॉडेल मराठी न शिकलेल्या मोठ्यापेक्षा सरस ठरू शकतं. इंडिककन्फॉर्मरची मांडणी मात्र अधिक खटपटीची आहे. त्यासाठी पायथॉन आणि बरीच मोठी जोड-सॉफ्टवेअरं लागतात, म्हणून सुरुवात तिथून करू नये.

आठ जीबीच्या लॅपटॉपवर मराठी मुलाखत उतरवायची असेल, तर आजच्या घडीला टर्बोची आकसलेली फाइल पहिली लावून बघावी. ती मानवली नाही तर मराठीवर शिकवलेलं स्मॉल घ्यावं. टायनी आणि बेसवर मराठीसाठी वेळ घालवू नये. आणि फोनमधली मूळ फाइल काम झाल्यावर पुसू नका. एका पेनड्राइव्हवर तिची प्रत काढून ठेवा, कारण मराठी लिहिणारं यापेक्षा चांगलं मॉडेल आलं की तीच ४२ मिनिटं पुन्हा त्याच्यापुढे ठेवता येतील.