तीस सेकंदांत स्वतःची ओळख

‘स्वतःबद्दल थोडं सांगा.’ मुलाखतीच्या या पहिल्या प्रश्नावर नुकतीच पदवी घेतलेली बरीच मुलं नाव, गाव, वडील काय करतात, दहावी-बारावीचे टक्के आणि शेवटी वाचनाची आवड असं ओळीनं म्हणून टाकतात. हे सगळं समोरच्याच्या हातातल्या बायोडेटात असतंच. त्याला ऐकायचं असतं ते एवढंच, की आमच्या कामातलं तुम्ही आधी काय केलं आहे?

तीस सेकंदांत घाई न करता साधारण पन्नास-साठ शब्द बोलून होतात. म्हणून शिक्षण एका वाक्यात उरकावं, निम्मा वेळ हाताने केलेल्या एकाच कामाला द्यावा आणि शेवटी ही जागा का हवी ते सांगावं. बार्शीची एक बी.कॉम. मुलगी अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी आली आहे असं समजू. तिची ओळख अशी होईल:

‘नमस्कार, मी पूजा. यंदा बार्शीतून बी.कॉम. झाले. शेवटच्या वर्षी सहा महिने एका कर सल्लागारांकडे जात होते. चार दुकानांची महिन्याची दीडेकशे खरेदी बिलं टॅलीत भरायची आणि जीएसटी पोर्टलवरच्या २बीशी जुळवायची, हे काम माझ्याकडे होतं. तुमच्या जाहिरातीत पुरवठादारांच्या बिलांचं काम लिहिलंय, ते मला जमेल असं वाटलं म्हणून अर्ज केला.’

यात ‘मी मेहनती आहे’ कुठेच नाही. दीडशे बिलं म्हटल्यावर ते वेगळं सांगावं लागत नाही. आकडा मात्र खरा हवा, कारण पुढची चौकशी त्यावरच होते. इंटर्नशिप केलीच नसेल तर कॉलेजचा प्रोजेक्ट किंवा घरच्या दुकानाचा हिशेबही चालतो. फक्त त्यातला आपला वाटा नेमका सांगावा. इंग्रजीत बोलायचं असेल तर सुरुवात ‘मायसेल्फ पूजा’ अशी नको, ‘आय अ‍ॅम पूजा’ म्हणावं. ही चूक इतकी रुळली आहे की ती करणाऱ्याला कळतही नाही.

शब्दन्‌शब्द पाठ करू नये. पाठ केलंय की नाही हे ओळखायला घरातल्या कुणाला तरी मध्येच टोकायला सांगावं. पुन्हा ‘नमस्कार’पासून सुरू करावं लागलं, तर ते पाठांतर. शिक्षण, काम, ही जागा एवढे तीन थांबे लक्षात ठेवले की वाक्यं दर वेळी थोडी वेगळी आली तरी बिघडत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून वेळ बघावी. चाळीस सेकंदांच्या पुढे गेलं तर कात्री बहुधा शिक्षणावरच चालवावी लागते.

पूजाच्या ओळखीत पुढचा प्रश्नही दडलेला आहे: ‘बिल २बीत दिसलं नाही तर काय करायचात?’ त्याचं उत्तर तिने घरूनच आणायला हवं. आधी बिल नंबर आणि जीएसटी नंबर टाकताना आपली चूक झाली का ते बघायचं. आपलं बरोबर असेल तर पुरवठादाराला फोन करायचा. बहुतेकदा त्याने आपलं विवरणपत्रच भरलेलं नसतं.