तुरीचा भुंगा कोठीत कुठून येतो?

‘कोठीचे झाकण घट्ट होते, तरी तुरीला भुंगा लागलाच कसा?’ हा प्रश्न आपल्या मदतनीस मंडळींकडून येतो, तसाच पोडावरच्या बायकांकडूनही येतो. पत्र्याची कोठी दिली म्हणजे धान्य सुरक्षित झाले, असे आपण धरून चालतो. कोठी उंदराला अडवते, पावसाला अडवते. भुंग्याला मात्र ती अडवत नाही, कारण तो बहुतेक वेळा आत शिरत नाही. तो धान्याबरोबरच आत जातो.

वर्धा जिल्ह्यात तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. शेंगा वाळू लागल्या की भुंग्याची मादी शेतातच त्यांच्यावर अंडी घालून जाते. खळ्यावर तूर आली, घरात आली, की ती थेट दाण्यावर अंडी चिकटवते. अंडे पांढरे, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक असते, पण दाण्याला घट्ट चिकटलेले असल्याने पाखडून किंवा चाळून निघत नाही. अंड्यातून निघालेली अळी दाण्यात शिरते आणि आतल्या आत डाळ खाते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. पूर्ण वाढ झाली की टरफलाखाली एक गोल, काळपट खिडकी दिसू लागते, आणि तीच फोडून भुंगा बाहेर पडतो. उन्हाळ्याच्या उबेत या सगळ्याला साधारण चार आठवडे लागतात, थंडीत जास्त. बाहेर आलेला भुंगा कोठीत दहा-बारा दिवस जगतो. त्याला खायची गरज नसते. त्याचे काम फक्त पुढची अंडी घालणे.

आता कागदावर एक हिशेब करू. 50 किलोच्या एका कट्ट्यात जानेवारीच्या मध्यावर एकच मादी गेली असे समजा. एक मादी साधारण 80 ते 100 अंडी घालते. त्यातून 40 भुंगे जगून निघाले आणि निम्म्या माद्या झाल्या असे धरू. फेब्रुवारीअखेर 40 भुंगे. मार्चअखेर 800. एप्रिलअखेर 16,000. मेअखेर 3,20,000. तुरीचे शंभर दाणे साधारण 10 ग्रॅम भरतात, म्हणजे 50 किलोत पाच लाख दाणे. प्रत्यक्षात गर्दी झाली की काही अळ्या मरतात आणि आकडा इतका सरळ वाढत नाही. तरी मार्चमध्ये ‘थोडेसेच भुंगे दिसले’ म्हणून सोडलेली तूर पेरणीच्या तोंडावर भोकांनी भरलेली का निघते, ते यावरून समजेल. भोक पडलेला दाणा खायला कडवट लागतो, आणि पेरला तर त्याचा भरवसा नसतो. ज्या घरात बियाण्याची तूर तीच होती, त्या घराला जूनमध्ये बाजारातून उधारीने बियाणे घ्यावे लागते. खरा घाव तिथे बसतो.

वाळवणाविषयी एक गैरसमज आहे. धान्य खणखणीत वाळवले की कीड लागत नाही, असे आपण सांगतो. गहू-ज्वारीतल्या सोंड्यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. ओलावा नऊ-दहा टक्क्यांच्या खाली गेला की सोंड्यांची वाढ जवळजवळ थांबते. कडधान्याचा भुंगा जास्त चिवट आहे. कोरड्या दाण्यातही तो वाढतो, फक्त जरा सावकाश. म्हणून तूर वाळवायची ती मुख्यतः बुरशीसाठी, आणि भुंग्यासाठी वेगळी तजवीज करायची.

साठवणीसाठी गहू-ज्वारीत ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो. तूर-हरभऱ्यात नऊ ते दहा टक्क्यांवर आणावा. सरकारी खरेदीची मर्यादा आणि साठवणीची मर्यादा यांत गल्लत करू नये. 2024 च्या हंगामात सोयाबीनच्या हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्के केली गेली. ती शेतकऱ्याच्या सोयीची गोष्ट होती. 15 टक्के ओलाव्याचे सोयाबीन घरात महिनोन्‌महिने ठेवले तर ते बुरसणारच.

ओलावा मोजायचे यंत्र पोडावर नसते, पण मीठ असते. तव्यावर भाजून कोरडे केलेले जाडे मीठ चमचाभर घ्या. काचेची कोरडी बरणी पाव भाग धान्याने भरा, मीठ टाका, झाकण लावून काही मिनिटे हलवा आणि थोडा वेळ ठेवून द्या. मीठ बरणीच्या काचेला चिकटून राहिले तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. पुन्हा वाळत घाला. चिकटले नाही म्हणजे ओलावा 15 च्या खाली आहे, एवढेच कळते. तो दहावर आला असे त्याने सिद्ध होत नाही, म्हणून त्यानंतरही दोन-तीन कडक उन्हे द्यावीत. दाताखाली दाणा चेपला न जाता ‘कट्ट’ आवाज करून फुटला पाहिजे, ही आजीबाईंची खूण अजूनही उपयोगाची आहे.

वाळवणाचा वजनाशी संबंध आहे, आणि धान्यकोठी चालवणाऱ्या गटांनी तो लिहून ठेवावा, कारण यावरून माणसे एकमेकांवर संशय घेतात. समजा गटाने जानेवारीत 1000 किलो तूर जमा केली आणि तिच्यात 14 टक्के ओलावा होता. म्हणजे 140 किलो पाणी आणि 860 किलो कोरडा दाणा. वाळून ओलावा 10 टक्क्यांवर आला तेव्हा हाच 860 किलो दाणा एकूण वजनाच्या 90 टक्के झाला. 860 ला 0.9 ने भागले की 955 किलो येतात, थोडे वर. मे महिन्यात काट्यावर जवळजवळ 45 किलोची तूट दिसेल, म्हणजे सुमारे एक कट्टा. तो कोणी चोरला नाही, उन्हाने उडवला. जमा करतानाच वाळलेली तूर तोलून घेतली तर हा वाद उरत नाही. उलट भुंगा लागलेल्या कोठीत वजन फारसे घटत नाही, कारण भुसा, विष्ठा आणि भुंगे सगळे आतच असतात. काटा ठीक दाखवतो आणि दाणा पोकळ असतो.

पत्र्याच्या कोठीची आणि मोठ्या पोलादी सायलोची एक खोड सारखीच आहे. उन्हातून उचललेली गरम तूर तशीच भरली आणि रात्री पत्रा गार झाला, की कडेचे धान्य थंड होते आणि मधले गरम राहते. मधली हवा आपल्याबरोबर ओलावा घेऊन वर चढते आणि थंड झाकणाखाली तिचे दव होते. ते थेंब वरच्या थरावर पडतात. खालची तूर कोरडी, पण वर चार बोटांचा थर चिकटलेला आणि कुबट वासाचा, असे दिसले तर कारण हेच. मोठ्या सायलोत पंख्याने हवा खेळवून तापमान सारखे ठेवतात. आपल्याकडे उपाय सोपा आहे: वाळवलेले धान्य रात्रभर सावलीत निवू द्यावे आणि मग भरावे. कोठी उन्हाच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. गोदामात कट्ट्यांची थप्पी थेट फरशीवर लावत नाहीत, खाली लाकडी फळ्या घालतात आणि भिंतीपासून माणूस फिरेल एवढी जागा सोडतात. तेही ओलाव्यासाठीच.

भुंग्यावर दोन उपाय आपल्या भागात खरोखर चालतात. पहिला म्हणजे वर्ध्याचे ऊन. काळ्या प्लास्टिकवर तुरीचा पातळ थर पसरा, वरून पारदर्शक प्लास्टिक घाला आणि चारी बाजू दगडांनी दाबा. मार्च-एप्रिलच्या दुपारी आतली उष्णता नुसत्या उन्हापेक्षा खूप वर जाते. 57 अंशांवर एक तास राहिले तर दाण्याच्या आतली अंडी, अळी, कोष सगळे मरते. उघड्यावर वाळवताना हे होत नाही. भुंगे फक्त उडून शेजारच्या कट्ट्यावर बसतात.

दुसरा उपाय दम कोंडण्याचा. आफ्रिकेत कॅमेरूनमधील चवळीच्या शेतकऱ्यांना याच जातकुळीच्या भुंग्याने बेजार केले होते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्यासोबत तिहेरी पिशवी तयार केली: आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेला कट्टा. प्रत्येक पिशवीतली हवा दाबून काढायची आणि तोंड पिळून, दुमडून घट्ट बांधायचे. आतले किडेच श्वास घेऊन प्राणवायू संपवतात, मग त्यांचे खाणे थांबते आणि ते सुकून मरतात. औषध लागत नाही. अट एकच, धान्य आधी नीट वाळलेले हवे. आणि पिशवी दर आठवड्याला उघडायची नाही; रोजच्या वापराची तूर वेगळी ठेवावी आणि बियाण्याची पिशवी जूनमध्येच सोडावी. आपल्या जुन्या पेवातही हेच घडत असे. म्हणून पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. कोंडलेली हवा माणसालाही मारते.

गोदामात कीड मारायच्या विषारी गोळ्यांबद्दल मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांतून निघणारा वायू माणसालाही मारतो. सरकारी गोदामात प्रशिक्षित माणसे थप्पी ताडपत्रीने बंद करून त्या वापरतात आणि काही दिवसांनी हवा मोकळी करूनच आत जातात. निजायच्या खोलीतल्या कोठीत त्या टाकणे म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ. कोणी आणून दिल्या तरी घेऊ नयेत.

मिसरात योसेफाने सात वर्षांचे धान्य साठवले, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथली हवा कोरडी होती. आपल्याकडे जूनपासून चार महिने हवाच ओली असते, म्हणून कोठी भरून विसरता येत नाही. महिन्यातून एकदा वरून, मधून आणि खालून मूठ-मूठ तूर काढावी, शंभर दाणे मोजावेत आणि प्रत्येक दाणा उजेडात फिरवून पाहावा. किती दाण्यांवर पांढरा ठिपका आहे, किती जणांना गोल खिडकी आहे, किती भोकाचे आहेत, हे वहीत लिहावे. एकाही दाण्याला खिडकी दिसली तर त्याच आठवड्यात ती तूर प्लास्टिकखाली उन्हात घालावी किंवा भरडून डाळ करावी. भुंगा साबूत दाण्यावरच पोसतो, डाळीत त्याचे फारसे चालत नाही.

नवी तूर भरण्यापूर्वी जुना बारदाना उकळत्या पाण्यात बुडवून वाळवावा. कोठीच्या तळाचे मागच्या वर्षीचे मूठभर दाणे झाडून काढून जाळावेत. नव्या तुरीला भुंगा तिथूनही मिळतो.